शेजारच्या लेनचा दणका: मझल ब्रेकच्या नोंदी

५ ऑक्टोबर

आज धक्का कमी करण्यासाठी रायफलच्या नळीच्या तोंडावर नवा मझल ब्रेक बसवून पहिल्यांदा रेंजवर गेलो. रायफल तीच, .३०८ विंचेस्टर, बॅरल २४ इंची. ब्रेकला तीन कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याला डावी-उजवीकडे एकेक रुंद पोर्ट, म्हणजे वायू बाहेर पडायची खिडकी. पोर्टच्या भिंती सरळ आडव्या नाहीत, खांद्याच्या दिशेने मागे कललेल्या आहेत. कल मोजला, साधारण ३० अंश.

खांद्याला फरक लगेच कळला. पूर्वी गोळी सुटली की लक्ष्य दुर्बिणीतून निघून जायचं, आज भोक पडताना दिसलं. मी खूश होतो. पण पाचव्या गोळीनंतर शेजारच्या लेनमधल्या ताईंनी बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली आणि त्या उठल्या. म्हणाल्या, "तुमची गोळी सुटली की माझ्या गालावर थप्पड बसल्यासारखं होतं. कानांवर मफ घातलेत तरी दात हादरतात." त्यांच्या मॅटवर काळपट कण पडले होते. माझ्या दारूचे न जळलेले दाणे होते ते.

मला त्या आवाजाचा एवढा त्रास झाला नव्हता, आणि हेच मला खटकलं. बंदूक माझ्या हातात, नळीचं तोंड माझ्यापासून हातभर पुढे, आणि जास्त मार दीड मीटर लांब बसलेल्या माणसाला. "ब्रेकमुळे आवाज वाढतो" एवढं सगळेच सांगतात. पण कोणासाठी वाढतो, किती आणि का, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या शेजारी ब्रेक लावून बसणार नाही, असं त्यांना सांगून आलो.

८ ऑक्टोबर

आधी हिशेब. ब्रेक नेमकं काय वळवतो ते आकड्यात पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

माझी गोळी १६८ ग्रेनची, म्हणजे १०.९ ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर. दोन्हींचा गुणाकार केला की गोळीचा संवेग ८.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. काडतुसात दारू आहे २.८ ग्रॅम. दारू जळून नाहीशी होत नाही, तिचा जवळजवळ तेवढ्याच वजनाचा वायू होतो आणि तोही नळीतून पुढेच जातो. हा वायू गोळीपेक्षा वेगाने बाहेर पडतो, कारण गोळी निघून गेल्यावर त्याच्या वाटेत काहीच उरत नाही. रिकॉइलच्या, म्हणजे मागे बसणाऱ्या धक्क्याच्या, हिशेबात मोठ्या रायफलसाठी वायूचा सरासरी वेग गोळीच्या पावणेदोनपट धरतात. इथे तो १,४०० होतो. म्हणजे वायूचा संवेग ३.९.

एकूण १२.६. त्यातला जवळजवळ एक-तृतीयांश वाटा नुसत्या वायूचा! हातात धरताही येत नाही अशी ही गोष्ट खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा एवढा मोठा भाग उचलते, हे कागदावर पाहताना मला दर वेळी नवल वाटतं. रायफल दुर्बिणीसकट ४.५ किलोची आहे. ती सेकंदाला २.८ मीटर वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा साधारण १७.६ ज्यूल होते.

गोळीचा वाटा ब्रेकला कमी करता येत नाही. त्याच्या हातात फक्त वायूचे ३.९ आहेत. समजा सगळाच वायू बरोबर काटकोनात, निम्मा डावीकडे आणि निम्मा उजवीकडे वळवला. मग पुढच्या दिशेने वायूचा संवेग शून्य, डावं-उजवं एकमेकांना फेडून टाकतं, आणि रायफलच्या वाट्याला फक्त गोळीचे ८.७ उरतात. ऊर्जा ८.४ ज्यूल, म्हणजे निम्म्याहून कमी. प्रत्यक्षात सगळा वायू वळत नाही. गोळी जाण्यासाठी प्रत्येक बॅफलला, म्हणजे कप्प्यांमधल्या आडव्या भिंतीला, मधोमध भोक ठेवावंच लागतं आणि त्यातून बराच वायू सरळ निसटतो. समजा ६० टक्के वायू वळला, पण मागे ३० अंश कलून. तर वळलेला वायू धक्क्यातून १.२ वजा करतो, न वळलेला १.६ वाढवतो. एकूण ९.१ आणि ऊर्जा ९.२ ज्यूल. म्हणजे सगळा वायू न पकडताही, मागे कलवल्यामुळे फायदा जवळजवळ तेवढाच.

म्हणून बनवणारे पोर्ट मागे कलवतात. आणि .२२ रिमफायरला ब्रेक लावून काही हाती का लागत नाही, हेही इथेच कळतं. तिथे दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी असते. वळवायला वायूच नाही.

११ ऑक्टोबर

हिशेब पटला तरी डोळ्यांना काहीतरी दिसावं म्हणून पाण्याच्या पाइपावर प्रयोग केला. नोझलचं तोंड ५ मिलिमीटर. बादली भरायला लागलेल्या वेळावरून प्रवाह सेकंदाला पाव लिटर निघाला. म्हणजे पाणी सेकंदाला पावणेतेरा मीटरच्या आसपास वेगाने सुटतं. स्प्रिंगच्या वजनकाट्याला एक सपाट पत्रा अडकवला आणि धार त्यावर मारली. पाणी पत्र्यावर आपटून काटकोनात चहूबाजूंना फाकतं. हिशेबाने काट्यावर ३२० ग्रॅम दिसायला हवे होते, २९० दिसले. नोझलजवळ थोडं पाणी शिंतडून वाया जात होतं, त्यामुळे एवढा फरक मला मान्य आहे.

मग पत्र्याच्या कडा धारेकडे वाकवल्या. आता पाणी काटकोनापेक्षा जास्त, साधारण १२० अंश वळून परत मागे यायला लागलं. काटा ४१० वर गेला. धार तीच, पाणी तेवढंच, पण पत्र्यावरचा ढकल जवळजवळ दीडपट.

ब्रेकच्या बॅफलवर हेच होतं. वायू बॅफलच्या मागच्या तोंडावर आदळतो आणि त्याला पुढे ढकलतो. बॅफल ब्रेकला, ब्रेक बॅरलला, बॅरल रायफलला जोडलेली. म्हणून मागे येणारी रायफल पुढे ओढली जाते. "ब्रेक वायू बाजूला सोडतो म्हणून धक्का कमी होतो" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. नुसतं बाजूला सोडून फायदा होत नाही. वायू कशावर तरी आपटून वळला पाहिजे, आणि ज्यावर आपटला ते रायफलला घट्ट जोडलेलं असलं पाहिजे.

या प्रयोगातून मी शोधत नव्हतो ते मिळालं. सपाट पत्रा असताना पाइप धरणारा मी कोरडा होतो. कडा वाकवल्यावर माझी पॅन्ट भिजली, पण नोझलच्या बाजूला, जरा मागे ठेवलेली खुर्ची माझ्यापेक्षा जास्त भिजली. मी धारेच्या रेषेत अगदी मागे होतो. परतणारं पाणी सरळ मागे नाही, तिरकं मागे येतं, आणि खुर्ची नेमकी त्या तिरक्या रेषेवर होती.

खुर्चीकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. ताईंची जागा हीच.

१५ ऑक्टोबर

आता दणका. संवेगाचा हिशेब खांद्याचा झाला, कानाचा वेगळा आहे.

गोळी नळीच्या तोंडाशी येते तेव्हा तिच्या मागे वायूचा दाब अजून हवेच्या दाबाच्या ५०० ते ७०० पट असतो. दारूच्या एकूण ऊर्जेतली साधारण एक-तृतीयांश गोळीला मिळते. उरलेली नळी तापवते आणि वायूतच राहते. गोळी बुचासारखी निघते आणि हा वायू एका क्षणात मोकळ्या हवेत फुटतो. समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाऊन आघातलहर तयार होते. ही लहर म्हणजे मझल ब्लास्ट. गोळी स्वतः ध्वनीपेक्षा वेगाने जाताना जी चाबकासारखी कडाड उठते ती वेगळी. तिच्याशी ब्रेकचा काही संबंध नाही.

साध्या नळीत हा वायू सगळा पुढे झेपावतो. तोंडासमोर बाटलीच्या आकाराचा अतिवेगवान झोत तयार होतो आणि त्याच्या टोकाला मॅक डिस्क नावाचा आडवा आघात उभा राहतो. झोत दट्ट्यासारखा हवेला ढकलत जातो. दट्ट्या ज्या दिशेला ढकलतो तिकडे लहर जोरकस, त्याच्या पाठीमागे अशक्त. लहर गोलाकार पसरतेच, पण सगळीकडे सारखी नाही. साध्या नळीच्या मागे बसलेला नेमबाज आणि त्याचे शेजारी दोघेही या दट्ट्याच्या पाठीमागे असतात. त्यांना जो आवाज येतो तो मूळ दणक्याचा वळून आलेला, पडेल भाग.

ब्रेक या एका दट्ट्याचे तुकडे करून त्यांची तोंडं फिरवतो. माझ्या ब्रेकमध्ये पुढे एक उरलेला झोत, आणि तीन डावीकडे, तीन उजवीकडे. बाजूचे सहाही नळीच्या दिशेपासून १२० अंशांवर. प्रत्येक झोत आपल्या दिशेला दट्ट्याच आहे. दारू तेवढीच, वायू तेवढाच. एकूण आवाजात नवीन भर फारशी पडत नाही. लहरीचं तोंड बदलतं.

वेळेचाही अंदाज काढला. ब्रेक ६ सेंटिमीटर लांब आहे, गोळी तो ७५ मायक्रोसेकंदांत ओलांडते. नळीत उरलेला वायू रिकामा व्हायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. म्हणजे गोळी केव्हाच निघून गेलेली असते आणि ब्रेकचं बहुतेक काम तिच्या पाठीमागे चालतं. मात्र कानावर येणारा कठीण पहिला काठ अगदी सुरुवातीच्या क्षणांतला असतो, जेव्हा दाब सर्वांत जास्त असतो आणि पहिल्या कप्प्याचे पोर्ट उघडे पडतात.

संध्याकाळी अंधार पडताना ब्रेक लावून तीन गोळ्या झाडल्या, लेन रिकाम्या होत्या. मित्र मागे लांब उभा राहून बघत होता. त्याला नळीच्या दोन्ही बाजूंना नारिंगी जिभा दिसल्या, तिरक्या मागे. वायूत न जळलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो. हवेत मिसळून तो पुन्हा पेटला की अशी ज्वाळा दिसते, आणि हे जळणंही दणक्यात भर घालतं. साध्या नळीत ते समोर लांब होतं, ब्रेकमध्ये माणसांच्या बाजूला.

१९ ऑक्टोबर

आज फक्त कागद, पट्टी आणि कोनमापक. रेंजवर टेप घेऊन जाऊन जागा मोजल्या होत्या. बंदूक खांद्याला लावल्यावर माझा कान ब्रेकच्या मागे ०.९ मीटर. शेजारच्या लेनमधल्या माणसाचं डोकं माझ्या डोक्याच्या रेषेत, १.५ मीटर बाजूला.

नळीच्या तोंडापासून शेजाऱ्याच्या कानापर्यंत रेघ ओढली. लांबी १.७५ मीटर. कोन नळीच्या दिशेपासून १२१ अंश.

दोनदा मोजलं. पोर्ट १२० अंशांवर, शेजारी १२१ वर. ब्रेक बनवणाऱ्याने शेजाऱ्यावर नेम धरलेला नाही. त्याने फक्त धक्का कमी करणारा चांगला कोन निवडला. पण लेनची रुंदी आणि बंदुकीची लांबी सगळीकडे साधारण अशीच असते, त्यामुळे तो झोत नेमका शेजारच्या कानावर जाऊन थांबतो. मी स्वतः १८० अंशांवर आहे, म्हणजे झोताच्या मधल्या रेषेपासून ६० अंश बाजूला. मी जवळ आहे, पण रेषेबाहेर. ताई दुप्पट लांब आहेत, पण रेषेवर.

५ तारखेच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर या एका आकृतीत आहे. उरलंय ते मोजणं.

२६ ऑक्टोबर

मोजमापाचा पहिला दिवस वाया गेला. कसा ते लिहून ठेवतो, कारण बरेच जण याच आकड्यांवर वाद घालतात.

फोनवरच्या आवाजमापक ॲपने मोजलं. ब्रेकशिवाय पाच गोळ्या, ब्रेकसह पाच. दोन्हींत आकडा जवळजवळ एकच. क्षणभर वाटलं, सगळा भास आहे. मग ध्वनिमुद्रण उघडून लहरीचं चित्र पाहिलं. माथा सपाट कापलेला होता, जणू कात्रीने. फोनचा माइक बोलण्यासाठी बनलेला असतो. रायफलचा दणका त्याच्या कुवतीच्या कितीतरी वर असतो, म्हणून दोन्ही वेळा त्याने आपली कमाल मर्यादाच सांगितली. दोन आवाज सारखे नव्हते, फोन दोन्हींना सारखाच बहिरा झाला होता.

आणखी एक अडचण वेगाची. लहरीचा चढता काठ काही मायक्रोसेकंदांचा असतो. साधं मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने घेतं, म्हणजे दोन नमुन्यांत २० मायक्रोसेकंद. टोक मधल्या मध्ये निसटतं. साधा ध्वनिमापकही इथे कमी पडतो, त्याचा "फास्ट" १२५ मिलिसेकंदांची सरासरी काढतो आणि आपला सगळा खेळ दोन-तीन मिलिसेकंदांत संपतो.

सपाट माथा दिसला की आकडा फेकून द्यायचा.

२ नोव्हेंबर

एका ओळखीच्या ध्वनी अभियंत्याने पाव इंची दाब-मायक्रोफोन आणि सेकंदाला १,९२,००० नमुने घेणारं यंत्र दिलं, आणि स्वतःही आला. सगळ्या लेन बंद ठेवल्या. शेजाऱ्याच्या जागी माणूस नाही, स्टँडवर माइक. त्याचं तोंड लहरीकडे रोखलेलं नाही, लहर त्याच्या पडद्याला घासून जाईल असं ठेवलं. नाहीतर पडद्यावर परावर्तन होऊन दाब फुगलेला दिसतो. मी कानात प्लग आणि वरून मफ असं दोन्ही घातलं. प्रत्येक जागी पाच-पाच गोळ्या, एकाच खोक्यातली काडतुसं.

माझ्या कानाजवळ: ब्रेकशिवाय सरासरी १५७ डेसिबेल, ब्रेकसह १६३.
शेजाऱ्याच्या जागी: ब्रेकशिवाय १५७, ब्रेकसह १६६.
पुढे, ३० अंशांवर, शेजाऱ्याइतक्याच अंतरावर: ब्रेकशिवाय १६८, ब्रेकसह १६५.

तिसरी ओळ पाहून मी खुर्चीतून उठलो. पुढे आवाज कमी झाला. ब्रेकने दणका निर्माण केला असता तर तो सगळीकडे वाढला असता. तो पुढून उचलून मागे ठेवला गेला, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

डेसिबेल फसवे असतात, म्हणून दाबात बदलून ठेवतो. शेजाऱ्याच्या जागी १५७ म्हणजे सुमारे १.४ किलोपास्कल, १६६ म्हणजे सुमारे ४. जवळजवळ तिप्पट. माझ्या कानाशी दुप्पट. कानाच्या संरक्षणासाठी क्षणिक आवाजाची जी मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात ती १४० डेसिबेलची, म्हणजे ०.२ किलोपास्कल. म्हणजे ब्रेक नसतानाही आपण मर्यादेच्या सातपट आहोत, आणि ब्रेकच्या शेजारी वीसपट. उघड्या कानाने एक गोळीसुद्धा नको, हे दोन्ही बाबतींत खरं आहे.

लहरीच्या चित्रात आणखी एक दिसलं. ब्रेकसह मुख्य टोकानंतर काही मिलिसेकंदांनी दुसरं, बुटकं टोक येतं. अभियंत्याने अंतराचा हिशेब करून दाखवलं, ते छपरावरून परतलेलं आहे. झोपून झाडताना असंच परावर्तन जमिनीवरून येतं, आणि ज्या ब्रेकना खालीही भोकं असतात ते धूळसुद्धा उडवतात.

९ नोव्हेंबर

आता उपाय. कागदावरून आधी अंदाज, मग माइक.

शेजारी आपल्याच लेनमध्ये एक मीटर मागे सरकला तर अंतर २.४ मीटर होतं आणि कोन १४२ अंश. अंतर वाढलं आणि तो झोताच्या रेषेतून २२ अंश बाहेरही आला. मोजल्यावर ५ डेसिबेल कमी. मधली एक लेन मोकळी ठेवली तर अंतर ३.१ मीटर, पण कोन १०७ अंश, म्हणजे तो अजून रेषेच्या बराच जवळ. अंतरामुळे ६ डेसिबेल कमी झाले. या दोन्हींतली तुलना मला महत्त्वाची वाटते. एक मीटर मागे जाणं आणि आणखी दीड मीटर बाजूला जाणं जवळपास सारखंच कामाला आलं, कारण मागे जाताना कोनही बदलतो.

मागे उभं राहून दुर्बिणीतून बघणारे प्रशिक्षक सर सहसा नेमबाजाच्या उजव्या खांद्यामागे अर्धा मीटर बाजूला असतात. त्यांचा कोन दीडशेच्या पुढे जातो. ते जवळ असूनही ताईंइतका मार खात नाहीत. पण त्यांना समोर नीट दिसावं म्हणून ते पाऊलभर बाजूला आणि पुढे सरकले की थेट झोतात शिरतात. आजवर ते असं कितीदा सरकले असतील, या विचाराने मला वाईट वाटलं.

मग लेनमधला पडदा. प्लायवूडचा, आतून जाड फोम लावलेला. आधी होता तिथेच ठेवला, तेव्हा त्याची पुढची कड नळीच्या तोंडाच्या ३० सेंटिमीटर मागे होती. फरक जेमतेम २ डेसिबेलचा. कारण उघड आहे, झोत आणि शेजारी यांच्यामधली रेषा पडद्याच्या पुढच्या टोकाला नुसती चाटून जात होती आणि लहर कडेवरून वळत होती. पडदा सरकवून कड तोंडाच्या अर्धा मीटर पुढे नेली. ८ डेसिबेल कमी. पण त्याच वेळी माझ्या कानाशी २ वाढले, कारण अडलेली लहर माझ्याकडे परतली. फोम काढून नुसतं प्लायवूड ठेवलं तर ३ वाढले. उघडा पडदा आपल्याच नेमबाजावर दणका फेकतो.

१२ नोव्हेंबर

मफबद्दल एक गोष्ट राहिली होती. ताईंच्या मफवर २७ डेसिबेलचा आकडा छापला आहे. १६६ वजा २७ म्हणजे १३९, काठावर का होईना सुरक्षित, असं कोणीही म्हणेल. पण तो आकडा प्रयोगशाळेत, नीट बसवलेल्या मफवर, सलग आवाजासाठी काढलेला असतो. एका क्षणाच्या टोकाला तो तसाच लावता येत नाही. शिवाय त्या नेमबाजीचा चष्मा घालतात. चष्म्याच्या दांडीने मफची उशी गालफडापासून जराशी उचललेली असते, आणि तेवढ्या फटीतून बरंच आत जातं. कुंदा गालाला लागला की मफ आणखी सरकतो.

आत फोमचे प्लग आणि वर मफ हे दोन्ही हवं. दोघांचे आकडे मात्र बेरीज होत नाहीत, जास्त रेटिंगच्या साधनावर साधारण ५ डेसिबेल मिळतात, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतून थेट आत जातो. ताईंना दात हादरल्यासारखं वाटत होतं ते यामुळेच. कान झाकले तरी दाबाची लहर चेहऱ्यावर आणि छातीवर बसतेच.

१६ नोव्हेंबर

एका अनुभवी नेमबाजाने ब्रेकवर चढवायची नळकांडी दिली. ती बाजूचे पोर्ट झाकून सगळा वायू पुढे सोडते. लावून पाहिलं. शेजाऱ्याच्या जागी दणका साध्या नळीच्या जवळ आला, १५८. आणि खांद्याला? पूर्वीचाच धक्का. लक्ष्य पुन्हा दुर्बिणीतून निघून गेलं.

८ ऑक्टोबरच्या हिशेबात हे आधीच लिहिलेलं होतं. वायू आत बॅफलवर आपटून वळतो, मग नळकांड्याच्या भिंतीवर आपटून पुन्हा पुढे वळतो. पहिल्या वळणाने रायफल पुढे ओढली, दुसऱ्याने तेवढीच मागे ढकलली. शेवटी वायू ज्या दिशेला जातो तीच हिशेबात धरायची, मध्ये किती वळणं घेतली याने काही फरक पडत नाही. सायलेन्सर वेगळं काम करतो. तो वायूला आत रोखून, थंड करून, सावकाश सोडतो, म्हणून त्यात धक्का आणि दणका दोन्ही उतरतात. पण तो लावायला सगळीकडे परवानगी नसते आणि माझा प्रश्न ब्रेकचा आहे.

ब्रेक काढून साफ करताना आत बघितलं. तिन्ही बॅफलवर काजळी डावी-उजवीकडे सारखी, भोकांच्या कडेवर कुठेही चकचकीत ओरखडा नाही. एका बाजूला काजळी कमी किंवा कडेवर चमक दिसली असती तर ब्रेक तिरका बसलाय आणि गोळी घासते आहे असं समजून तो तिथेच थांबवला असता.

२३ नोव्हेंबर

आज रेंजवर ताई आणि प्रशिक्षक सर दोघांनाही आकृती दाखवली. ताईंनी कोनमापक हातात घेऊन स्वतः रेघ ओढली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चुकीच्या माणसाच्या शेजारी नव्हते, चुकीच्या कोनात होते." सरांनी विचारलं, तोच ब्रेक काटकोनी पोर्टचा घेतला तर? हिशेब तिथेच केला. ६० टक्के वायू ९० अंशांवर वळला तर एकूण १०.३ आणि ऊर्जा ११.८ ज्यूल. मागे कललेल्याचे ९.२. धक्का थोडा जास्त बसेल, पण झोताची रेषा शेजाऱ्याच्या डोक्यापासून ३० अंश पुढे सरकेल. मी काटकोनी पोर्टचा ब्रेक घेऊन हीच मोजमापं पुन्हा करणार आहे, माइक अजून दोन आठवडे माझ्याकडे आहे.

तोवर ठरलं ते असं: ब्रेक लावलेली रायफल फक्त डाव्या टोकाच्या लेनमध्ये, पडदा नळीच्या पुढे अर्धा मीटर, शेजारची लेन रिकामी. माझ्या लेनच्या फरशीवर नळीच्या तोंडाच्या जागेपासून दोन्हीकडे १२० अंशांच्या पिवळ्या रेघा मारल्या. सरांनी स्वतः दोरी धरली. त्या रेघेच्या आसपास कोणी उभं असलं तर मी बोल्ट बंद करत नाही.

संध्याकाळी ब्रेक काढून, मझलच्या आट्यांवर साधं टोपण लावून ताईंच्या शेजारच्या लेनमध्ये बसलो. वीस गोळ्या झाडल्या. खांदा दुखला. त्या एकदाही उठल्या नाहीत.